दुपारचे दोन तास, टॅली आणि गुलबर्ग्याचं एक बिल

प्रश्न: "मी २००९ ची बी.कॉम. आहे. लग्नानंतर जुळे सोलापुरात आले आणि मुलांमुळे नोकरी केलीच नाही. आता धाकटा पाचवीत गेलाय, दुपारचे दोन तास मोकळे मिळतात. घरात जुना लॅपटॉप आहे. क्लासला पैसे घालायची इच्छा नाही. यूट्यूब, स्वयम, स्पोकन ट्युटोरियल, कोर्सेरा ही नावं ऐकली आहेत. अकाउंट्सचं काम मिळण्यासाठी यातलं कुठलं करू? सर्टिफिकेट असलं तर नोकरी मिळेल का?"

ताई, नवी पेठेत माझं अकाउंट्स लिहून देण्याचं छोटं ऑफिस आहे. टॉवेलवाले, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे, एक-दोन किराणा होलसेलवाले अशा व्यापाऱ्यांची खाती आम्ही सांभाळतो. माझ्याकडे कामाला आलेल्या बायकांत निम्म्याहून जास्त तुमच्यासारख्याच होत्या. पदवी होती, मध्ये दहा-बारा वर्षं घर होतं आणि लॅपटॉप उघडताना हात थरथरायचा. त्यांना शिकवताना जे कळलं तेच लिहिते.

कुठली साइट चांगली हे ठरवण्याआधी, काम मागायला गेल्यावर पहिल्या दिवशी टेबलावर तुमच्यासमोर काय ठेवलं जाणार हे माहीत हवं. सोलापुरात याचं उत्तर सोपं आहे. महिन्याभराची बिलं कोंबलेली एक प्लॅस्टिकची पिशवी आणि "हे टॅलीत टाका" एवढं वाक्य. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना असो की चाटी गल्लीतलं कापड दुकान, सुरुवात या पिशवीनेच होते. तेव्हा व्हिडिओ कुठलाही बघा, तो बघून झाल्यावर पिशवीतलं एक बिल तुम्हाला बरोबर टाकता आलं का, एवढ्या एकाच कसोटीवर त्याची किंमत करा.

हे आवर्जून सांगायला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या. यूट्यूबवरची टॅलीची साठ-पासष्ट व्हिडिओंची अख्खी मालिका त्यांनी बघितली होती आणि वहीत सुंदर नोट्स काढल्या होत्या, मथळ्यांना रंगीत पेन वापरून. मी त्यांच्यासमोर सुताचं एक खरेदी बिल ठेवलं. वीस मिनिटं झाली तरी त्या लेजर बनवायच्या पानावरच होत्या. हुशारीत त्या कमी नव्हत्या. साठ व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर, भाजी निवडत बघितले होते आणि हात एकदाही कीबोर्डवर गेला नव्हता. पुढे आमच्याकडेच महिनाभर बसून त्या शिकल्या आणि आज दोन व्यापाऱ्यांचं काम एकट्या बघतात. पण आधीचे चार महिने वाया गेले, याची मला अजून हळहळ वाटते.

म्हणून सुरुवात मी स्पोकन ट्युटोरियलपासून करायला सांगते. हा आयआयटी मुंबईचा प्रकल्प आहे, पत्ता spoken-tutorial.org. इथले व्हिडिओ साधारण दहा मिनिटांचे असतात आणि अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्या स्क्रीनवर सॉफ्टवेअर, असं शेजारी शेजारी ठेवून करण्यासाठीच ते बनवलेले आहेत. निवेदक "आता इथे क्लिक करा" म्हणाला की व्हिडिओ थांबवायचा, आपण क्लिक करायचं, मग पुढे. साइटवर LibreOffice Suite Calc हा विषय आणि Marathi ही भाषा निवडा. कॅल्क म्हणजे एक्सेलसारखंच, पण फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. निवेदन मराठीत आहे आणि सोबत लिहिलेला मजकूरही मिळतो, त्यामुळे एखादा शब्द निसटला तर वाचून घेता येतो. व्हिडिओतली आवृत्ती जुनी आहे, म्हणून एखादं बटण तुमच्या स्क्रीनवर जरा बाजूला दिसेल. तेवढ्याने घाबरू नका.

"मला टॅली हवंय, कॅल्क कशाला?" असं पुष्कळ जणी विचारतात. पंधरा वर्षांनी लॅपटॉपवर बसल्यावर खरी अडचण हिशेबाची नसते. फाइल कुठे सेव्ह झाली, ती परत कशी उघडायची, दोन खिडक्या शेजारी कशा ठेवायच्या, आकड्यांचा कप्पा झपझप कसा चालवायचा, इथे माणूस अडकतो. ही भीती कॅल्कवर मोडते, कारण तिथे चूक झाली तर काही बिघडत नाही. शिवाय व्यापारी बँकेचं स्टेटमेंट एक्सेलच्या फाइलमध्येच पाठवतो आणि ते चाळून, बेरजा लावून मगच टॅलीकडे जायचं असतं. बेरीज, गाळणी म्हणजे फिल्टर, क्रमवारी आणि साधी सूत्रं एवढं आलं की पुढे सरका. दुपारचे दोन तास रोज दिले तर तीन आठवडे पुरतात. चार्ट आणि मॅक्रोचे व्हिडिओ सोडून द्या, आत्ता त्यांची गरज नाही.

आता टॅली. टॅलीप्राइम कंपनीच्या साइटवरून उतरवून घेता येतं आणि लायसन्स न घेता एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालवता येतं. फक्त लॅपटॉपवर ६४ बिटचं विंडोज आहे ना, ते आधी बघून घ्या. कुणी ओळखीचा पोरगा "क्रॅक केलेलं टाकून देतो" म्हणाला तर नको म्हणा, शिकायला त्याची काहीच गरज नाही. एज्युकेशनल मोडची एक मोठी मर्यादा आहे आणि ती माहीत नसली की माणूस हैराण होतो. नोंदी फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच करता येतात. सात तारखेचं बिल टाकायला गेलात की टॅली तारीख घेत नाही आणि आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे सराव ३१ दिवसांच्या महिन्यात करायचा आणि बिलांवरच्या तारखा या तिघांत वाटून टाकायच्या.

टॅलीसाठी यूट्यूब चांगलं आहे. मराठीत शिकवणारे बरेच आहेत आणि काही जण मनापासून शिकवतात. मी कुठल्याच चॅनेलचं नाव घेत नाही, कारण चॅनेलपेक्षा व्हिडिओ कधीचा आहे हे बघणं जास्त महत्त्वाचं आहे. जुना व्हिडिओ ओळखायच्या दोन खुणा सांगते. पहिली खूण म्हणजे, लेजर बनवण्यासाठी शिकवणारा आधी Accounts Info मध्ये जात असेल तर ते जुनं टॅली ईआरपी ९ आहे. टॅलीप्राइम २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि त्यात थेट Create मधून लेजर बनतं. विक्रीला F8, खरेदीला F9, पेमेंटला F5, पावतीला F6 या कळा दोन्हीकडे सारख्या आहेत, म्हणून जुना व्हिडिओ पहिली दहा मिनिटं बरोबरच वाटतो. पण क्रेडिट नोट आली की घोटाळा होतो. जुन्यात ती Ctrl+F8 ने यायची, आता Alt+F6 ने येते.

दुसरी खूण दरांची, आणि आपल्या सोलापुरात ती फार उपयोगी पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि १२ टक्क्यांचा टप्पा निघून गेला. टॉवेल, चादरीसारख्या तयार मालावर आधी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते. आता २५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १८ टक्के आहेत. शिकवणारा कापडाच्या उदाहरणात "हजाराच्या वर बारा टक्के" म्हणाला की समजायचं, व्हिडिओ त्याआधीचा आहे. नोंद कशी करायची ते त्यातून शिका, पण दर वहीत उतरवून घेऊ नका. मला दर महिन्याला कुणीतरी अशी वही दाखवतं आणि त्यातले निम्मे दर गेलेले असतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते एका उदाहरणाने दाखवते. आमच्याकडे नव्या माणसाला मी हीच तीन बिलं देते. एक छोटा टॉवेल कारखाना समजा, आपल्या पूर्व भागातला. महिन्यात त्याने इचलकरंजीहून ४०,००० रुपयांचं सूत घेतलं. कर ५ टक्के, दोन्ही गावं महाराष्ट्रातच, म्हणून केंद्राचा सीजीएसटी १,००० आणि राज्याचा एसजीएसटी १,०००, बिल ४२,००० चं. मग नवी पेठेतल्या दुकानाला १५० रुपयांप्रमाणे १०० टॉवेल विकले. १५,००० वर सीजीएसटी ३७५, एसजीएसटी ३७५, बिल १५,७५० चं. आणि गुलबर्ग्याच्या व्यापाऱ्याला त्याच भावाने २०० टॉवेल पाठवले. हे राज्याबाहेर गेले, म्हणून ३०,००० वर आयजीएसटी १,५००, बिल ३१,५०० चं. सुताचं बिल १ तारखेला, नवी पेठेचं २ ला आणि गुलबर्ग्याचं ३१ ला टाका.

टाकण्याआधी हाच हिशेब कागदावर करा. विक्रीवरचा एकूण कर २,२५० आणि सुतावर भरलेला, म्हणजे क्रेडिट मिळणारा कर २,०००. सीजीएसटीचं १,००० चं क्रेडिट आधी सीजीएसटीच्याच ३७५ ला लागतं, उरलेले ६२५ आयजीएसटीकडे वळवता येतात. एसजीएसटीचंही तसंच, तिथलेही ६२५ आयजीएसटीला. म्हणजे आयजीएसटीच्या १,५०० मधून १,२५० गेले आणि रोख भरायचे राहिले २५० रुपये. सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला किंवा उलट असं लावता येत नाही, एवढा नियम मनात पक्का ठेवायचा.

नवीन माणूस चुकतो तो पुढे. गुलबर्ग्याच्या व्यापाऱ्याचं लेजर बनवताना राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र राहून जातं. मग टॅली बिचारं त्याच्या बिलावरही ७५० सीजीएसटी आणि ७५० एसजीएसटी लावतं. आता बेरीज बघा. दोन्ही बिलं मिळून सीजीएसटी १,१२५ होतो, त्यातून १,००० वजा जाऊन १२५ भरायचे. एसजीएसटीचेही १२५. मिळून २५०. उत्तर तेच आलं! बिलाची रक्कमही ३१,५०० च आहे. त्यामुळे "माझा हिशेब जुळला" म्हणून माणूस खूश होतो. पण कर चुकीच्या खात्यात गेलेला असतो. तो आयजीएसटीत पुन्हा भरायचा आणि चुकून भरलेल्याचा परतावा मागायचा, अशी वरात निघते. शिवाय गुलबर्ग्याच्या व्यापाऱ्याला महाराष्ट्रातल्या सीजीएसटी-एसजीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो मालकाला फोन करणारच. आमच्या ऑफिसात असे फोन येऊन गेलेत आणि आलेल्या प्रत्येक वेळी मूळ हेच निघालं.

ही चूक बेरजेत सापडत नाही, म्हणून ती जीएसटी नंबरात शोधायची. नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. सोलापूर सीमेवरचं गाव आहे. विजापूर, गुलबर्गा, हैदराबाद ही आपल्या व्यापाऱ्यांची रोजची गिऱ्हाइकं. पुण्याच्या एखाद्या दुकानात आठवड्यातून एखादं परराज्याचं बिल येत असेल, इथे पिशवीतलं प्रत्येक दुसरं-तिसरं तसं असतं. म्हणून बिल हातात घेतलं की रक्कम बघण्याआधी ते दोन आकडे बघायची सवय लावा. तिन्ही बिलं टाकून झाली की टॅलीत जीएसटीआर-१ चा, म्हणजे विक्रीच्या रिटर्नचा रिपोर्ट उघडा आणि २९ ने सुरू होणाऱ्या नंबरासमोर आयजीएसटीच्या रकान्यात आकडा आहे ना ते तपासा. मग मुद्दाम राज्य चुकीचं ठेवून ते बिल पुन्हा टाका आणि तोच रिपोर्ट परत काढा. स्वतःच्या हाताने केलेली चूक स्क्रीनवर कशी दिसते हे एकदा बघितलं की ती पुन्हा होत नाही. हे कुठल्याच व्हिडिओत मला दिसलेलं नाही, कारण व्हिडिओतलं उदाहरण नेहमी बरोबरच येतं.

या तीन बिलांवर एक आठवडा घालवला तरी चालेल. नंतर घरातलीच जुनी बिलं घ्या. किराणा, औषधं, गाडीचं सर्व्हिसिंग, जी मिळतील ती. एक काल्पनिक दुकान उघडा आणि वीस-पंचवीस नोंदी करा. व्हिडिओ लागेल तेव्हाच उघडायचा, एका अडलेल्या गोष्टीसाठी, आणि ती झाली की बंद. रिटर्न भरण्याच्या पायऱ्या बघायच्या तर सरकारी tutorial.gst.gov.in वर वापराची माहिती आहे. इंग्रजीत आहे, पण पडद्यांची चित्रं असल्यामुळे समजतं.

आता सर्टिफिकेटबद्दल. हे तुम्ही कुठे काम मागणार त्यावर अवलंबून आहे. आमच्यासारख्या ऑफिसात किंवा व्यापाऱ्याकडे मी कुणाला कागद बघून घेतल्याचं आठवत नाही. बिल देऊन बसवते आणि अर्ध्या तासात कळतं. मात्र शाळा-कॉलेजचं ऑफिस, पतसंस्था किंवा मोठी कंपनी असेल तर अर्जाला जोडायला काहीतरी लागतं. तिथे स्वयम उपयोगी आहे. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे आणि वाणिज्य शाखेचे पदवीच्या दर्जाचे कोर्स त्यावर मिळतात. बघणं, अभ्यास करणं सगळं फुकट. प्रमाणपत्र हवं तर शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी भरावी लागते. कोर्स साधारण जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात, म्हणून मध्येच कधीही नोंदणी होईल असं धरू नका. शिकवणं बहुतेक इंग्रजीत आणि पुस्तकी अंगाने असतं. डेबिट-क्रेडिट पार विसरला असाल तर ते उजळायला ते चांगलं आहे, पण टॅलीवर हात त्याने बसणार नाही.

कोर्सेरा मी तुम्हाला आत्ता सुचवणार नाही. कोर्स चांगले असतात, पण प्रमाणपत्राला बहुतेक वेळा पैसे लागतात आणि हिशेबाची उदाहरणं अमेरिकेतली असतात. आपल्या जीएसटीचा त्यात पत्ता नाही. पुढे कधी परदेशी कंपनीचं घरून काम करायचं ठरवलंत तर जरूर बघा.

एक अट सांगायला हवी. हा सगळा रस्ता तुमच्या बी.कॉम.मुळे आखता आला. ज्यांचं वाणिज्य झालेलं नाही त्यांना टॅलीआधी दोन महिने नुसत्या जमा-खर्चाला द्यावे लागतात, नाहीतर कळा पाठ होतात पण नोंद कुठल्या बाजूला जाते ते उमगत नाही. तुमचं वाचन जागं आहे असं धरून मी म्हणेन, कॅल्कला तीन आठवडे, टॅलीला दोन महिने आणि नुसत्या सरावाला एक. मुलांच्या परीक्षा, सण, पाहुणे धरून चार महिने हाताशी ठेवा. मोबाइलवर बघायचा मोह मात्र टाळा. लॅपटॉप उघडता येणार नसेल त्या दुपारी व्हिडिओ नाही लावला तरी चालेल.

काम मागायला जाताना सर्टिफिकेटऐवजी एक पातळ फाइल न्या. तुमच्या काल्पनिक दुकानाच्या महिन्याच्या नोंदी, विक्री-खरेदीची यादी, ताळेबंद आणि जीएसटीआर-१ चा रिपोर्ट, छापून. सोबत पेन ड्राइव्हवर टॅलीचा बॅकअप. समोरच्याने "हे कसं केलं?" विचारलं की उघडून दाखवा. सुरुवातीला अर्धा दिवस द्या म्हणालात तरी चालेल, दुपारच्या वेळेला येणारं माणूस बऱ्याच ऑफिसांना हवंच असतं. आणि जाण्याची तारीख नीट निवडा. जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११, कर भरायच्या जीएसटीआर-३बी ची २०, आणि तिमाही रिटर्नवाल्या व्यापाऱ्यांची १३ आणि २२. या दिवसांत आमच्यापैकी कुणी मान वर करत नाही, आलेल्या माणसाला "नंतर या" म्हणून परत पाठवतो आणि मग विसरतो. २३ नंतर, सकाळी अकराच्या सुमाराला या. तेव्हा पुढच्या महिन्याच्या पिशव्या अजून यायच्या असतात आणि तुमच्यासमोर एखादं बिल ठेवून शेजारी बसायला आम्हाला वेळ असतो.